विश्लेषण : अडखळणारी वाणी मोबाइलला का कळत नाही?

बोलून माहिती विचारण्याची सोय आता शेतीपर्यंत आली आहे. पीएम-किसान योजनेसाठी २०२३ मध्ये सुरू झालेला ‘किसान ई-मित्र’ हे त्याचे उदाहरण. मात्र तोतरे बोलणाऱ्यांना आणि पक्षाघातानंतर जीभ जड झालेल्यांना आवाजी सेवा वापरताना अडचणी येतात. दोघांच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्यामुळे उपायही वेगळे.

तोतरेपणात काय बिघडते?

समजा, अर्धापूरच्या केळी उत्पादकाने विचारले, ‘आज के... के... केळीला काय भाव?’ ‘आज’नंतर आवाज अडला, की यंत्राला वाटते बोलणे संपले आणि माइक बंद होतो. माइक सुरू राहिलाच, तर ‘के’लाही शब्द समजून भलतेच काही लिहिले जाते. पुनरुक्ती सरसकट गाळण्याचा उपाय मराठीत फसू शकतो, कारण ‘दोन-दोन डझन’ म्हणजे ‘दोन डझन’ नव्हे.

अ‍ॅपलच्या संशोधकांनी २०२३ मध्ये ९१ तोतऱ्या व्यक्तींचे इंग्रजी बोलणे तपासले. थांबण्याची मर्यादा वाढवणे आणि पुनरुक्ती गाळणे अशा सुधारणांनंतर वाक्य मध्येच तुटण्याचे प्रमाण ७९ टक्क्यांनी घटले. शब्दांतील चुका २५.४ वरून ९.९ टक्क्यांवर आल्या.

जड जिभेचे काय?

इथे वेळेचा नव्हे, उच्चारांचाच प्रश्न असतो. ‘ळ’चा ‘ल’ झाला, तर ‘काळ’ आणि ‘काल’ एकच ऐकू येतात. यंत्र मुख्यतः स्पष्ट बोलणाऱ्यांच्या ध्वनिफितींवर शिकलेले असल्याने ते जवळचा ओळखीचा शब्द लिहून मोकळे होते. जास्त वेळ थांबून ही चूक सुटत नाही.

त्यासाठी यंत्राला त्या व्यक्तीचाच आवाज शिकवावा लागतो. गुगलच्या ‘प्रोजेक्ट रिलेट’मध्ये वापरकर्त्याने ५०० वाक्ये ध्वनिमुद्रित करायची असतात, ही सोय इंग्रजीपासून सुरू झाली. थकवा लवकर येणाऱ्या रुग्णाला एवढी वाक्ये बोलणे जड जाते, शिवाय आजार वाढला की उच्चार पुन्हा बदलतात.

आज काय करता येईल?

आयफोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये सिरीने किती वेळ थांबायचे ते वाढवता येते. २०२४ पासून ‘व्होकल शॉर्टकट्स’ही आहेत. ठरलेला उच्चार तीनदा नोंदवला, की त्यावर फोन लावण्यासारखे काम होते. मोजक्या आज्ञांसाठी हे पुरते, मनात येईल ते वाक्य लिहून घेण्यासाठी नाही. तोतरेपणासाठी आणखी एक साधा मार्ग म्हणजे बटण दाबून ठेवून बोलण्याची सोय. बोलणे कधी संपले हे तिथे यंत्र नव्हे, माणूस ठरवतो.

मराठीसाठी अशा वाणीचे नमुने जमवावे लागतील. तोवर प्रत्येक सरकारी आवाजी सेवेत ऐकलेले वाक्य पाठवण्याआधी पडद्यावर दाखवणे, ते दुरुस्त करू देणे आणि टाइप करण्याचा पर्याय ठेवणे गरजेचे आहे. ‘काळ’चे ‘काल’ झालेले दिसले, तरच ते सुधारता येईल.