सेवा खंडित, करार मात्र अखंड?

दुकानाच्या इंटरनेट जोडणीचा करार आपण दरावर लक्ष ठेवून करतो. त्याला जोडलेले ‘सेवास्तर हमी’ नावाचे परिशिष्ट मात्र क्वचितच वाचले जाते. जोडणी वारंवार बंद पडू लागल्यावर दंड न भरता करारातून बाहेर पडण्याचा मार्ग बहुधा याच परिशिष्टात असतो.

माझ्या परिचयातील एका घाऊक कापड व्यापाऱ्यांचे उदाहरण घेऊ. दरमहा ६,००० रुपये, मुदत २४ महिने, आणि मुदतीपूर्वी सेवा सोडल्यास उर्वरित महिन्यांचे पूर्ण भाडे, असा त्यांचा करार होता. दहा महिने झाले होते. शेवटच्या तीन महिन्यांत जोडणी इतक्या वेळा तुटली की ई-वे बिल न निघाल्याने माल दारात खोळंबून राही. सेवा बंद करा म्हणताच कंपनीने १४ महिन्यांचे ८४,००० रुपये मागितले.

परिशिष्टात दरमहा ९९.५ टक्के उपलब्धतेची हमी होती. हा आकडा भारदस्त वाटतो, पण त्याचा अर्थ तासांत काढावा. तीस दिवसांचे ७२० तास. त्यांचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटे. महिन्यात एवढा वेळ सेवा बंद राहिली तरी हमी मोडत नाही. त्यापुढे मात्र मोडते.

एप्रिल महिन्यात पेढीच्या वहीत १४ तासांची नोंद होती. कंपनीने त्यातील ९ तासच मान्य केले, आणि करारानुसार तिचे म्हणणे योग्य होते. दोन तास पूर्वसूचना देऊन केलेल्या देखभालीचे होते. उरलेले तीन तास तक्रार नोंदवण्यापूर्वी गेले होते. बहुतेक करारांत खंडाची मोजणी तक्रार क्रमांक मिळाल्यापासून सुरू होते. मुनीमजी ‘येईल थोड्या वेळात’ म्हणून बसले, तो वेळ गेला तो गेलाच. दुकानातील वीज गेल्यामुळे पडलेला खंडही धरला जात नाही. म्हणून राउटर यूपीएसवर चालू होता, हे तक्रारीतच लिहावे. तरीही ९ तासांचा खंड म्हणजे उपलब्धता ९८.७५ टक्के. मे महिन्यात १२ तास आणि जूनमध्ये १० तास ४८ मिनिटे, दोन्ही कंपनीच्याच नोंदींप्रमाणे. सलग तीन महिने हमी मोडली होती.

कंपनीने प्रत्येक महिन्यासाठी भाड्याच्या पाच टक्के, म्हणजे ३०० रुपयांची सूट देऊ केली. अशी सूट निमूटपणे घेणे धोक्याचे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३९ प्रमाणे, समोरच्याने वचन पूर्णपणे पाळण्यास नकार दिला वा स्वतःला त्यासाठी असमर्थ केले, तर करार संपवता येतो. मात्र शब्दाने वा वर्तनाने करार पुढे चालू ठेवण्यास संमती दिली असेल, तर नाही. म्हणून सूट घेताना व बिल भरताना ‘आमचे सर्व हक्क राखून’ असे ई-मेलने कळवावे.

सुदैवाने त्यांच्या परिशिष्टात, सलग तीन महिने हमी मोडल्यास ३० दिवसांच्या लेखी सूचनेने दंडाविना करार संपवता येईल, असे कलम होते. ते नसते तर काम कठीण होते. ‘सूट हाच एकमेव उपाय’ असे वाक्य अनेक करारांत असते आणि कंपनी त्याचाच आधार घेते. तेव्हाही कलम ७४ उपयोगी पडते. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी ती कमाल मर्यादा ठरते; तिच्या आत न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देते. शिवाय ज्याने स्वतः करार मोडला, त्याला ती मागणे अवघड जाते.

सूचना ई-मेलने आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टने गेली. तीत कलमाचा क्रमांक, तिन्ही महिन्यांची टक्केवारी, तक्रार क्रमांकांचा तक्ता आणि सेवा संपण्याची तारीख एवढेच होते. संतापाचे एकही वाक्य मी ठेवू दिले नाही.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट बजावतो. खात्यातून आपोआप रक्कम कापण्याचा मँडेट सूचनेच्या मुदतीपूर्वी रद्द करू नये. थकबाकीदार ठरलात तर हमीभंगाचा मुद्दा मागे पडतो. खाते रिकामे ठेवून हप्ता परत जाऊ देणे तर त्याहून वाईट. शिल्लक अपुरी असल्याने असा हप्ता न वटणे हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ च्या कलम २५ खाली गुन्हा ठरू शकतो. शेवटचे बिल भरावे आणि मगच मँडेट लेखी रद्द करावा.

कंपनीने ८४,००० रुपयांची मागणी मागे घेतली. जोडणीसाठी सुरुवातीला घेतलेले शुल्क मात्र परत मिळाले नाही, कारण करारात ते परत न करण्याचे ठरले होते. राउटर परत देताना त्याच्या अनुक्रमांकासह पावती घेतली आणि ‘येणे बाकी नाही’ असे पत्र आल्यावरच फाइल बंद केली.