पाव भाजतांना

आमच्या घरीं पाव-भाजीचा बेत असला, म्हणजे भाजी सुनांनीं करावयाची व पाव मीं भाजावयाचे, असा अलिखित करार आहे. ('पाव' हा शब्द पोर्तुगीजांचा; 'पच्' धातूशीं त्याचें नातें जोडण्याचा मोह मलाही एकदां झाला होता, तो मीं आवरला.) गेल्या रविवारीं बारा पाव होते. पहिले चार सोनेरी उतरले. दुसऱ्या चारांच्या कडांचा मात्र कोळसा झाला. नातीनें विचारलें, "आजोबा, आंच तर तेवढीच होती ना?"

आंच तेवढीच होती, हें खरें. परंतु तवा तेवढाच तापलेला नव्हता. पाव तव्यावर असतांना ते त्याची उष्णता ओढून घेत असतात. पहिले पाव वाढीपर्यंत जाड लोखंडी तवा रिकामाच ज्योतीवर राहिला व तापतच गेला. त्यावर घातलेलें लोणी दहा सेकंदांतच काळवंडलें.

असें कां व्हावें? विकतच्या लोण्यांत सुमारें ८० टक्के स्निग्धांश असतो. बाकीचें बहुतेक पाणी आणि थोडे दुधाचे घन कण. तव्यावर प्रथम पाणी उकळतें, त्याचा फेस दिसतो. फेस ओसरला कीं ते कण तांबूस होऊं लागतात, आणि पावाचा खमंगपणा बराचसा त्यांतच आहे. त्याच कणांना आणखी थोडी आंच लागली, तर ते काळे व कडू होतात. म्हणून मध्यमाहून किंचित मंद आंचेवर लोणी घालावें आणि फेस ओसरूं लागतांच उघडलेला पाव कापलेल्या बाजूनें त्यावर ठेवावा. घरच्या लोण्यांत पाणी अधिक, तेव्हां थोडें जास्त थांबावें लागतें. चार पावांस दोन लहान चमचे लोणी पुरतें. तें पावाखालींच राहावें. बाहेर ओघळलेलें लोणी आधीं जळतें आणि कडांना डाग लावतें.

कडा जळण्याचें दुसरें कारण खुद्द तव्याचा आकार. पोळीच्या खोलगट तव्यावर पाव कडांवर टेकतो व मध्यें अधांतरी राहतो; कडा करपल्या तरी मधला भाग पांढराच! डोशाचा सपाट तवा घ्यावा व उलथन्यानें हलकेंच दाबावें. कापलेली बाजू पाऊण ते एक मिनिट, वरची बाजू पंधरा-वीस सेकंद. अर्ध्या मिनिटानें एक कोपरा उचलून पाहावा. मसाला लावावयाचा असल्यास पाव उतरण्याच्या क्षणीं लावावा. तिखट लोण्याहूनही लवकर करपतें.

तिसऱ्या खेपेस मीं तवा खालीं उतरविला, काळे कण जाड फडक्यानें पुसले, मिनिटभर थांबलों आणि मग मंद आंचेवर नवें लोणी घातलें. फेस सावकाश आला. ते चार पाव मुलांच्या पानांत पडले. दुसरे चार मीं कडा कापून खाल्ले.