लेबल ‘सोप्या भाषेत’ लिहिलं, आणि डोस अडीचपट झाला

फवारणीचा हंगाम सुरू झाला की आमच्या यवतमाळमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सोप्या भाषेतले’ डोस फिरू लागतात. परवा मावसभावाने असाच एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “भाऊ, एवढंच टाकायचं काय?”

मेसेज असा होता: ‘कपाशीसाठी डायफेंथियुरॉन, एकरी 600 ग्रॅम औषध. 21 दिवसांनी परत मारा.’

मी त्याच्याकडून पाकिटावरच्या लेबलचा फोटो मागवला. नाव होतं ‘डायफेंथियुरॉन 50 टक्के डब्ल्यूपी’. त्यापुढे, सक्रिय घटक हेक्टरी 300 ग्रॅम, पाकिटातलं उत्पादन हेक्टरी 600 ग्रॅम, पाणी 500 ते 750 लिटर.

600 चा आकडा बरोबर होता, पण हेक्टरचा एकर झाला होता. एक हेक्टर म्हणजे सुमारे 2.47 एकर, म्हणून एकरी साधारण 243 ग्रॅम बसतात. हेक्टरी 500 लिटर पाणी धरलं तर 15 लिटरच्या पंपात 18 ग्रॅम जातात. मेसेजप्रमाणे तेवढ्याच पाण्यात मिसळलं तर जवळपास 45 ग्रॅम!

‘औषध’ या शब्दाचाही घोळ आहेच. पावडरीत किडीला मारणारं द्रव्य निम्मंच असतं (50 टक्के म्हणजे तेच), बाकीचं भरण. त्यामुळे 300 आणि 600 दोन्ही आकडे खरे, फक्त मोजलेल्या वस्तू वेगळ्या. दोन्हींना ‘औषध’ म्हटलं की कुणी पावडरच 300 ग्रॅम घेतो. डोस निम्मा, कीड मरत नाही, मग तो परत फवारतो.

आणि ते 21 दिवस? लेबलवर तो प्रतीक्षा कालावधी होता, म्हणजे शेवटची फवारणी आणि वेचणी यांच्यात ठेवायचं किमान अंतर. मेसेज लिहिणाऱ्याने त्याचं ‘परत मारा’ करून टाकलं. शब्द सोपे झाले खरे, पण अर्थ उलटा.

2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेने 20 हून जास्त जीव गेले. त्यामागे उंच वाढलेली कपाशी, संरक्षक कपड्यांचा अभाव, औषधांची मिश्रणं अशी बरीच कारणं होती. दोष अशा मेसेजचा होता असं मी म्हणत नाही. पण त्यानंतर सरकारने काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली, तेव्हा यादीत नुसतं ‘मोनोक्रोटोफॉस’ नव्हतं, ‘मोनोक्रोटोफॉस 36 टक्के एसएल’ होतं. टक्का आणि मागची अक्षरं नावाचाच भाग असतात. डब्ल्यूपी म्हणजे पाण्यात मिसळायची पावडर, एसएल म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रव. ही अक्षरं गळली की पुढचा माणूस ग्रॅमच्या जागी मिली लिहून मोकळा होतो.

भावाला मी एवढंच सांगितलं: टाइप करू नको, लेबलचाच फोटो पुढे पाठव, आकड्यांची पूर्ण ओळ दिसेल असा. त्याने ग्रुपवर तो टाकला. तोवर जुना मेसेज आणखी दोन ग्रुपमध्ये गेला होता.