उजेड कमी झाला, पाणी मात्र तेवढंच

पावसाची पहिली सर आली की गॅलरीतली झाडं घरात येतात. त्यांतली बरीचशी निमूटपणे कोपऱ्यात उभी राहतात. फिडल लीफ फिग मात्र पंधरवड्यात खालची पानं गाळायला लागतं. गळालेल्या पानांवर तपकिरी डाग असतात आणि ते पाहून घरात निदान होतं, ‘याला पाणी कमी पडतंय.’ बहुतेक वेळा गोष्ट अगदी उलट असते.

हे झाड वड-पिंपळ-उंबराच्या कुळातलं. शास्त्रीय नाव फायकस लायराटा, मूळ पश्चिम आफ्रिकेच्या सखल, दमट जंगलांतलं. पान तोडलं की वडासारखाच पांढरा चीक येतो. जागा बदलल्यावर त्याने दोन-तीन पानं टाकली तर त्यात काळजीचं काही नाही. भरपूर उजेडात वाढलेली पानं अंधाऱ्या जागी पोसणं झाडाला परवडत नाही. पण डाग पसरत राहिले आणि रोज एक पान गळू लागलं, तर कुंडीच्या आत पाहायला हवं.

ओळखीच्या एका घरात गेल्या जूनमध्ये हेच झालं. चार फुटी झाड, दहा इंची कुंडी. पूर्वेच्या गॅलरीतून ते हॉलमध्ये टीव्हीशेजारी आलं, खिडकीपासून दहा फुटांवर. आपले डोळे कमी उजेडाशी चटकन जुळवून घेतात, त्यामुळे तो कोपरा घरच्यांना उजळच वाटत होता. खिडकीपाशी असतो त्याच्या जेमतेम काही अंश उजेड तिथे पोचतो. उजेड घटला की पानांचं काम मंदावतं आणि मुळं पाणी कमी ओढतात. घरच्यांचा दर तिसऱ्या दिवसाचा एक मग मात्र चालूच होता.

आम्ही कुंडीत तळापर्यंत एक बांबूची काडी खुपसली. पाणी बंद करून सहा दिवस झाले होते, तरी काडी ओली बाहेर आली आणि तिला माती चिकटली होती. मग प्लास्टिकची कुंडी बाहेरच्या शोभेच्या कुंडीतून उचलली. तिच्या तळाशी दोन बोटं पाणी साचलं होतं. मातीत पाणी भरून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून चिखलात उभं असलेलं झाड तहानलेलं दिसतं आणि घरातलं कुणीतरी कनवाळूपणे आणखी एक मग ओततं.

डागांवरूनही अंदाज येतो. मुळं कुजत असतील तर डाग गडद, काळपट असतात आणि ते आधी खालच्या पानांवर दिसतात. पाणी खरंच कमी पडत असेल तर पानाच्या कडा वाळून कुरकुरीत होतात आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटते. पश्चिमेच्या उन्हाने भाजलेला डाग फिकट असतो, तोही उन्हाकडच्याच बाजूला.

या झाडाचा मातीचा गोळा बाहेर काढला तेव्हा बरीच मुळं पांढरट आणि घट्ट होती. चार-पाच काळी पडली होती, बोटाने दाबताच त्यांची साल सुटत होती. तेवढी स्वच्छ कात्रीने कापली आणि झाड मोकळ्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या मातीत, पण त्याच मापाच्या कुंडीत परत लावलं. मोठी कुंडी दिली असती तर ओल आणखी टिकली असती. मुळं धड असती तर गोळ्याला हातही लावला नसता. मग झाड पूर्वेच्या खिडकीपासून दोन फुटांवर ठेवलं. जागा पुन्हा बदलायची ती ही एकदाच.

त्यानंतर पाण्याचे वार मोजणं बंद झालं. वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच पाणी, तेही खालून निथळेपर्यंत, आणि निथळलेलं ओतून टाकायचं. खत बंद, कारण दुखावलेल्या मुळांना ते सोसत नाही. पानांवर पाण्याचे फवारे मारायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने या दुखण्यावर काहीही फरक पडत नाही.

पानावरचा डाग कधीच बरा होत नाही. म्हणून आम्ही तीन पानांवर डागाच्या कडेने पेनाने हलकी रेघ ओढली. पहिल्या आठवड्यात एक डाग रेघेबाहेर गेला, पुढच्या दोन आठवड्यांत एकही नाही. ऑगस्टच्या मध्याला शेंड्यावरचं तपकिरी आवरण फुटून नवं पान उलगडलं. खालचा उघडा बुंधा मात्र उघडाच राहिला.

तुमच्या झाडाची सगळी पानं गळाली असतील तरी बुंधा नखाने जरा खरवडून पाहा. सालीखाली हिरवं दिसलं तर ते एवढ्यात कचऱ्यात टाकू नका.