‘बहुधा’ या शब्दाचे वजन

आमच्या सूनबाई इंदुरातील एका शाळेत पाचवीच्या वर्गास गणित शिकवितात. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी त्या घरी आल्या त्या पुठ्ठा, कात्री आणि कागद अडकवायच्या तारेच्या क्लिपा मागतच. मुलांना संभाव्यतेचे शब्द शिकवायचे होते. अपूर्णांकांचे गणित पुढे, आधी शब्द. आम्हांस वाटले, त्यात शिकवायचे ते काय? ‘नक्की’, ‘बहुधा’, ‘अशक्य’ हे तर पोर बोलू लागले की बोलतेच. परंतु दोन दिवस वर्गाच्या मागच्या बाकावर बसण्याची परवानगी आम्हांस मिळाली आणि आमचा हा समज पार धुऊन निघाला.

अडचण अशी की, हे शब्द मुलांना येत नाहीत असे नसून ते फार येतात, आणि घरात ते ज्या अर्थाने वापरले जातात तो अर्थ गणितास चालत नाही. “पुढल्या रविवारी नक्की येतो” असे म्हणणारे पाहुणे आपण सर्वांनीच पाहिले आहेत. ‘शक्य’ या शब्दाची तऱ्हा तर आणखी निराळी. ‘पावसाची शक्यता आहे’ म्हटले की आपण छत्री घेतो. म्हणजे ‘शक्य’चा अर्थ आपण ‘बरेचसे होणारच’ असा करतो. वस्तुतः जे अशक्य नाही ते सारेच शक्य. लाखांत एकदा घडणारेही, आणि हमखास घडणारेही. म्हणून सूनबाईंनी हा शब्द पायऱ्यांतून वगळला. फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी दोरी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पाच चिठ्ठ्या लावल्या: अशक्य, क्वचित, समसमान, बहुधा, नक्की.

मग मुलांनी वाक्ये द्यायची आणि त्यांची जागा ठरवायची. “उद्या सकाळी राजवाड्यापाशी पोहे मिळतील” यास सर्वांनी ‘नक्की’ म्हटले. एका मुलीने विचारले, “आणि बाजार बंद असला तर?” वाक्य एक चिमटा अलीकडे आले. एकही अपवाद सुचला तर ‘नक्की’ नाही, ही कसोटी मुलांनी आपली आपणच शोधून काढली.

त्यानंतर नाणी. आमच्याकडची मुले छापा-काटा न म्हणता चित-पट म्हणतात. त्या दिवशी वर्गात सोळा मुले होती. प्रत्येकाच्या हाती एकेक रुपया. “लागोपाठ चार वेळा चित पडेल” हे वाक्य कोठे लावावे, असे विचारताच बहुतेकांनी ‘अशक्य’कडे बोट दाखविले. सर्वांना उभे करून नाणी उडवावयास सांगितले. पट पडेल त्याने खाली बसायचे. पहिल्या खेपेस नऊ उभे राहिले, मग चार, मग तीन, आणि चौथ्या खेपेनंतर एक मुलगी एकटीच उभी! दर खेपेस साधारण निम्मे बसतात, म्हणून सोळांतून चार खेपांनी सरासरीने एकजण उरतो. मात्र तो उरेलच असे नाही. असा खेळ तीनदा केला तर साधारण एकदा सगळेच बसतात. एकट्या मुलीच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट ‘क्वचित’, परंतु ‘सोळांपैकी कोणास तरी साधेल’ ही ‘बहुधा’! वाक्य कोणाविषयी आहे हे बदलले की चिमटा बदलतो. हे मुलांना पचावयास वेळ लागला, आणि खरे सांगायचे तर आम्हांसही.

आता पाचवी खेप. अर्धा वर्ग ओरडला, “आता पट नक्की!” उरलेले म्हणाले, “तिचा हात चांगला आहे, चितच!” सूनबाईंनी मुकाट्याने ‘समसमान’वर बोट ठेवले. नाण्यास मागच्या चार खेपा आठवत नाहीत. पट पडले, आणि पहिल्या पक्षाने जयघोष केला. एका खेपेने कोणाचेच म्हणणे सिद्ध होत नाही हे त्यांस पटविणे त्या दिवशी जमले नाही.

दुसऱ्या दिवशी चक्री. पुठ्ठ्याची गोल तबकडी, तीन चतुर्थांश तांबडी, एक चतुर्थांश निळी. मध्यभागी क्लिप ठेवून तिच्या वेढ्यात पेन्सिलीचे टोक उभे धरायचे आणि टिचकी मारायची. क्लिप दोन फेरे तरी फिरली पाहिजे, नाहीतर निकाल बोटाच्या हाती जातो. रेघेवर थांबली तर पुन्हा फिरवायची, हे आधीच ठरवावे. मागाहून ठरविल्यास भांडण ठरलेले. एका गटाच्या चक्रीवर निळा फारच येऊ लागला. सूनबाईंनी तबकडी अर्धी वळविली. निळा कमी झाला, पण क्लिप थांबायची ती बाकाच्या त्याच बाजूस. दोष बाकाच्या उताराचा! तबकडीबरोबर निळाही फिरला असता, तर पुठ्ठा वाकला आहे असे समजायचे.

खरा पेच पुढे आला. “तांबडा बहुधा येईल,” असे सूनबाई म्हणाल्या, क्लिप फिरविली, आणि आला निळा. मागून एक मुलगा म्हणाला, “बाई, तुमचे चुकले.” दुसरा म्हणाला, “रंग दोनच, म्हणजे समसमान.” सूनबाईंनी वाद घातला नाही. चार गटांनी दहा-दहा वेळा फिरवून मोजावयास सांगितले. एका गटाचे तांबडे पाच, दुसऱ्याचे नऊ, उरलेल्यांचे सहा आणि सात. पाचवाला गट ‘समसमान’चा झेंडा घेऊन उभा राहिला. चारही मिळून मात्र चाळीसांत सत्तावीस झाले. बरोबर तीस नव्हेत, पण विसापेक्षा तिसाच्याच जवळ. ‘बहुधा’ हा शब्द पुढच्या एका फेऱ्याचे भविष्य नसून पुष्कळ फेऱ्यांचा हिशेब आहे, हे त्या बेरजेने दिसले. दहाच फेरे करून थांबले असते तर एका गटाने चुकीचाच धडा घरी नेला असता.

“तुमचे चुकले” म्हणणारा मुलगा अजून गप्प होता. शेवटी ज्याने त्याने घरचे एक वाक्य चिठ्ठीवर लिहून लावायचे होते. त्याचे वाक्य होते, ‘बाबा दिवाळीला येतील.’ वडील परगावी नोकरीस. “ते ‘बहुधा’ म्हणतात,” तो म्हणाला, “आणि बहुधा म्हणजे नाही.” सूनबाईंनी विचारले, गेल्या चार दिवाळ्यांत किती वेळा आले? त्याने बोटे मोजली. तीन वेळा. गेल्या वर्षी तेवढे आले नव्हते.

तो तबकडीकडे पाहत राहिला. सूनबाई म्हणाल्या, “हे बघ, तबकडीचे भाग आपण मोजून कापले. बाबांची दिवाळी तशी कापता येत नाही. नुसती मोजता येते, आणि चार म्हणजे फार थोड्या.” त्याने मान डोलाविली. बाकीच्यांनी चिठ्ठ्या शाईने लिहिल्या होत्या. त्याने आपली खोडून नव्या कागदावर पेन्सिलीने लिहिली आणि ‘बहुधा’च्या चिमट्यापाशी, किंचित अलीकडे लावली.