चारचौघांसारखे वेगळे

सांप्रत आपल्या देशात ‘वेगळे दिसण्या’ची एक साथ आली आहे. नोकरी शोधणाऱ्याने लिंक्डइनवर नुसती माहिती भरून भागत नाही म्हणे. एक मिनिटाचा आत्मपरिचयाचा व्हिडिओ हवा, आणि तो असा हवा की हजारात उठून दिसेल. हे शिकवणारे तज्ज्ञही निघाले आहेत. ते तयार संहिता विकतात. तीच संहिता हजार जण विकत घेतात आणि हजारही जण अगदी एकाच पद्धतीने वेगळे दिसतात!

आमच्या पुतणीने अशी एक संहिता पैसे मोजून घेतली. ती अशी सुरू होते : “हॅलो! आय ॲम अ पॅशनेट, डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड टीम प्लेयर.” पुढे आव्हाने आवडतात, चौकटीबाहेर विचार करते, वगैरे. मागे संगीत, समोर हसरा चेहरा, शेवटी हाताची घडी. पोरगी दोन वर्षे एका पाइपच्या कारखान्यात हिशेब पाहत होती. कारखाना बंद पडला आणि आठ महिने ती घरी आहे. तिच्या त्या दोन वर्षांतले एक अक्षरही या संहितेत नव्हते. माझा राग आहे तो इथे. जिच्याजवळ सांगण्यासारखे खरे काही आहे, तिलाच हे लोक ते लपवायला शिकवतात, आणि वर फी घेतात.

मी बँकेतला माणूस. माझ्या हिशेबी विशेषण म्हणजे रक्कम न लिहिलेला चेक. सही झोकदार आहे, कागद कोरा करकरीत आहे. पण द्यायचे किती? ‘मेहनती’ म्हणजे नेमके किती रुपयांचे? काउंटरवर असा चेक आला तर मी परत करतो. नोकरी देणारा तेच करतो, फक्त शेरा मारत नाही.

म्हणून एक साधी कसोटी. संहितेतल्या प्रत्येक वाक्यात आपल्या नावाच्या जागी शेजारच्या बंड्याचे नाव घालून पाहावे. वाक्य तरीही खरे वाटले, तर ते खोडावे. पुतणीच्या संहितेला ही कसोटी लावली तेव्हा शेवटी ‘हॅलो’ तेवढे उरले. तेही बंड्या म्हणतोच.

बरे, वेगळे दिसण्याच्या हौसेने काय होते त्याचा दाखला जुना आहे. २००६ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने एका बड्या बँकेकडे अर्जासोबत स्वतःचा व्हिडिओ पाठवला. त्यात तो वजने उचलतो, बर्फावरून घसरतो, नाचतो आणि हाताने विटा फोडतो. मधूनमधून यशाचे तत्त्वज्ञान सांगतो. व्हिडिओ बँकेतून बाहेर फुटला आणि जगभर हसे झाले. वेगळा दिसला का? दिसला की! पण बँकेत विटा कोण फोडून घेणार? ज्या कामाला माणूस हवा ते काम याला येते का, एवढे सोडून सगळे त्या व्हिडिओत होते.

पुतणीला मी विचारले, “त्या कारखान्यात तू नेमकं काय केलंस?”

“काही विशेष नाही हो काका. जीएसटीचं बघायचे.”

‘विशेष नाही’च्या खालीच बहुधा माल असतो. खोदत गेलो तेव्हा निघाले ते असे. कारखाना माल घेताना जो कर भरतो त्याची वजावट त्याला मिळते. पण पुरवठादाराने आपले विवरणपत्र वेळेत भरले तरच ती त्या महिन्याच्या यादीत दिसते. यादी चौदा तारखेला तयार होते. सगळे लोक तेव्हा यादी पाहतात, कपाळाला हात लावतात आणि पुरवठादाराला फोन करतात. पण दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराची मुदत अकरा तारखेलाच संपलेली असते! या पोरीने जुन्या याद्या काढल्या, नेहमी उशीर करणारे अकरा जण हेरले आणि पाच तारखेपासूनच त्यांच्या पाठी लागली.

“अगं, हे सांग की!”

“यात काय सांगायचं? नुसते फोन तर केले.”

मग आम्ही बसून नवी संहिता लिहिली. ती बोलायची होती, म्हणून बोलण्यातच लिहिली :

“दर महिन्याला आमच्या कारखान्याची ऐंशी-नव्वद हजारांची करवजावट अडकायची. मी तिथे दोन वर्षं हिशेब पाहत होते. जुन्या याद्या तपासल्या, तर उशीर करणारे पुरवठादार नेहमीचेच अकरा होते. यादी चौदा तारखेला येते, पण त्यांची मुदत अकराला संपते. म्हणून मी पाच तारखेपासूनच त्यांना फोन करू लागले. सहा महिन्यांत अडकणारी रक्कम पाच हजारांच्या आत आली. मी बी.कॉम. आहे, टॅली आणि एक्सेलवर काम करते. पुणे किंवा पिंपरीत लहान कारखान्याचे हिशेब पाहायचं काम मला हवंय. तुमच्याकडेही अशी रक्कम अडकत असेल, तर मला इथेच संदेश पाठवा.”

सावकाश वाचले तर हे पाऊण मिनिटात संपते. नाव सुरुवातीला नाही, कारण ते पडद्यावर लिहिलेलेच असते. पहिल्या वाक्याला ऐकणाऱ्याची दुखरी नस लागली पाहिजे. पुरवठादारांची नावे नाहीत, कारखान्याचेही नाही. जुन्या मालकाची आतली माहिती जो चव्हाट्यावर सांगतो, तो उद्या आपलीही सांगेल, हे नव्या मालकाला कळते.

चित्रीकरणाला ना ड्रोन लागला ना संगीत. पोहे-रव्याच्या डब्यांची उतरंड रचून फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. खिडकी पाठीशी होती तेव्हा चेहरा काळाठिक्कर आला. खिडकीकडे तोंड केल्यावर उजळला. पंखा बंद केला, कारण माणसाच्या कानाला न जाणवणारी त्याची घरघर फोन इमाने इतबारे टिपतो. पाठ केलेले म्हणताना तिची नजर स्वतःच्याच छबीकडे जायची, म्हणून मी पडद्यावर कागद चिकटवला आणि भिंग तेवढे उघडे ठेवले. शेवटी खाली अक्षरे घातली, कारण लोकांपुढे सरकत येणारा व्हिडिओ बहुधा आवाजाविना सुरू होतो, आणि कचेरीत बसून पाहणारा तो आवाजाविनाच पाहतो. अक्षरे नसतील तर त्याला नुसती एक मुलगी ओठ हलवताना दिसायची.

आता कुणी म्हणेल, व्हिडिओने नोकरी लागते का? छे! कित्येक जण तो उघडतच नाहीत. शोधणारा शब्दांवरून शोधतो, म्हणून ‘जीएसटी’, ‘टॅली’ हे शब्द लेखी माहितीतही हवेतच. ज्याने ती वाचली आणि जो दोन अर्जांत अडला आहे, त्याच्यापुरतेच व्हिडिओचे काम.

पुतणीला दोन फोन आले. एकाने पहिल्याच दमात विचारले, “ते अकरा जण कोण हो? आमचेही तेच असतील!” ती म्हणाली, “ते सांगता येणार नाही, पण तुमचे शोधून देईन.” त्याने मुलाखतीला बोलावले आहे. पुढचे पुढे.

त्या तज्ज्ञांना मात्र माझा एक सवाल आहे. तुम्ही स्वतःला ‘पॅशनेट’ म्हणवता, ठीक. पण तुमची संहिता घेतलेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, तो आकडा तुमच्या व्हिडिओत का नाही?