यूट्यूब वाहिनी बंद होणे, स्थगित होणे आणि शोधातून नाहीशी होणे

यूट्यूबवरील एखादी वाहिनी नावाने शोधूनही सापडली नाही, तर ती बंद झाली असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात या एका अनुभवामागे निरनिराळ्या स्थिती असू शकतात. वाहिनी यूट्यूबने कायमची काढून टाकलेली असते, तिच्यावर नवे चित्रफिती प्रसारित करण्याची तात्पुरती मनाई असते, किंवा ती जागेवरच असून केवळ शोधात येत नसते. मुंबईस्थित निवेदक रणवीर अलाहबादिया यांच्या वाहिन्या २०२४ आणि २०२५ मध्ये यांपैकी बहुतेक अवस्थांतून गेल्या. त्यामुळे फरक समजून घेण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

सप्टेंबर २०२४ मधील घटना

२५ सप्टेंबर २०२४ च्या रात्री अलाहबादिया यांच्या दोन वाहिन्यांचा ताबा हॅकरांनी घेतला. वाहिन्यांची नावे टेस्ला, मस्क आणि ट्रम्प यांच्याशी संबंधित शब्दांत बदलली गेली, जुन्या चित्रफिती दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्या जागी मस्क व ट्रम्प यांची जुनी प्रक्षेपणे लावण्यात आली. या क्षणी ‘बीअरबायसेप्स’ हे नाव शोधणाऱ्याला वाहिनी मिळत नव्हती, तरीही ती बंद झालेली नव्हती. फक्त तिची पाटी बदललेली होती. त्यानंतर यूट्यूबने वाहिन्या काढून टाकल्या आणि प्रेक्षकांना `This page isn't available` हा संदेश दिसू लागला. काही दिवसांत त्या मालकाला परत मिळाल्या. त्याआधी काही दिवस, २० सप्टेंबरला, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या यूट्यूब वाहिनीचाही हॅकरांनी ताबा घेतला होता आणि तिच्यावर एका आभासी चलनाची जाहिरात दिसत होती.

नाव बदलले की वाहिनी गेली, हे ओळखण्याचा मार्ग पत्त्यात आहे. `@` ने सुरू होणारे नाव मालकाला (किंवा चोरालाही) बदलता येते. मात्र प्रत्येक वाहिनीला `UC` ने सुरू होणारा चोवीस अक्षरांचा क्रमांक असतो आणि तो बदलत नाही. `youtube.com/channel/` पुढे हा क्रमांक लिहून पान उघडल्यास, नाव काहीही असले तरी वाहिनी दिसते. अर्थात हा क्रमांक आधी नोंदवलेला असावा लागतो.

क्रमांकाने उघडलेल्या पानावर `This account has been terminated` असे शब्द आले, तर यूट्यूबनेच कारवाई केली आहे. पुढे बहुधा कारणही दिलेले असते. जुन्या चित्रफितीचा दुवा उघडल्यासही, तिचे खाते समाप्त केल्याचा उल्लेख आढळू शकतो. `This channel does not exist` एवढेच दिसल्यास निष्कर्ष काढता येत नाही, कारण मालकाने वाहिनी स्वतः लपवली वा पुसली असेल किंवा पत्ता चुकला असेल.

स्थगिती

स्थगिती बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. यूट्यूबचा पहिला इशारा-गुण, म्हणजे ‘स्ट्राइक’, मिळाल्यास एक आठवडा आणि नव्वद दिवसांत दुसरा मिळाल्यास दोन आठवडे नवे काही टाकता येत नाही. तिसऱ्यानंतर वाहिनी काढली जाते. या काळात जुन्या चित्रफिती चालूच राहतात.

न्यायालयीन मनाईचेही तसेच असते. ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमातील वक्तव्यांनंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये अलाहबादिया यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले. १८ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटकेपासून अंतरिम संरक्षण देताना पुढील आदेशापर्यंत कार्यक्रम प्रसारित न करण्याची अट घातली. ३ मार्चला शालीनतेच्या अटीवर परवानगी मिळाली. मधल्या काळात नवे भाग थांबले, एवढाच बदल प्रेक्षकाला जाणवणारा होता. याच प्रकरणात वादग्रस्त भाग सरकारी आदेशानंतर भारतात रोखला गेला, तर समय रैना यांनी कार्यक्रमाच्या सर्व चित्रफिती आपल्या वाहिनीवरून स्वतः काढल्या. अशा देशापुरत्या बंदीत वाहिनी वा चित्रफीत परदेशात दिसत राहते.

शोधातून नाहीशी होणे

थेट दुवा उघडतो, चित्रफिती चालतात, पण शोधात नाव येत नाही, तर वाहिनी जिवंत आहे. कारण यूट्यूबच्या क्रमवारीत असू शकते. पण ते प्रेक्षकाच्या जाळ्यातही असते. पिंपरी-चिंचवड किंवा चाकणमधील एखाद्या कारखान्याच्या वा महाविद्यालयाच्या वाय-फायवर व्यवस्थापकाने `Restricted Mode` लावलेला असल्यास काही चित्रफिती गळतात आणि टिप्पण्याही दिसत नाहीत. टिप्पण्यांचे हे गायब होणे हीच त्याची सोपी खूण आहे. अशा वेळी वाय-फाय बंद करून मोबाइलच्या डेटावर, खात्यातून बाहेर पडून तोच शोध पुन्हा घेतल्यास दोष वाहिनीचा की जाळ्याचा हे कळते.

यूट्यूब एखाद्या वाहिनीला शोधात खाली ढकलते आहे, हे मात्र या चाचणीने सिद्ध होत नाही, कारण शोधाचे निकाल प्रत्येकासाठी आणि ठिकाणानुसार वेगळे असतात.